कोलंबो ते पुणे, व्हाया आयनांबर

१९५२ साली बाळकृष्ण केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरची चित्रपटगीतं आटत गेली. केसकर शास्त्रीय संगीताचे भोक्ते. सिनेमातली गाणी त्यांना सवंग वाटत. श्रोत्यांनी फार वाद घातला नाही, सरळ रेडिओची सुई सरकवली. त्याच वर्षी डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारी रात्री आठच्या सुमाराला अर्धा हिंदुस्थान कोलंबोला कान लावून बसू लागला. मंत्रिमहोदय मूळचे पुण्याचे. त्यांच्या पुण्यातही सिलोन लागत होतंच.

आता या गोष्टीतला जो भाग सहसा कुणी विचारात घेत नाही तो पाहू. कोलंबो ते पुणे हे अंतर साधारण १४५० किलोमीटर आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे या दोन शहरांना जोडणारी अगदी सरळ रेषा काढली, तर ती मधोमध जमिनीखाली सुमारे ४१ किलोमीटर खोल जाते. म्हणजे कोलंबोचा मनोरा आणि पुण्यातली एरियल यांच्यामध्ये ४१ किलोमीटर उंचीचा जमिनीचा फुगवटा आड येतो. रेडिओ लहरी प्रकाशासारख्याच सरळ जातात. शॉर्टवेव्हच्या लहरी जमिनीला चिकटून फार लांब जाऊ शकत नाहीत, पाच-पन्नास किलोमीटरांत त्यांचा जीव जातो. तरीही सायानींचा आवाज पुण्यात येत होता.

तो वरून येत होता. कोलंबोहून क्षितिजाशी साधारण १९ अंशांचा कोन करून निघालेली लहर वर चढत जाई, कर्नाटकातल्या मंड्याच्या आसपास, जमिनीपासून सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर वळे आणि तशीच तिरकी उतरून पुण्यात येई. एकूण वाट १६०० किलोमीटरची, लागणारा वेळ ५ मिलिसेकंदांहून थोडासा जास्त. या प्रकरणाचा प्रश्न एवढाच आहे की मंड्याच्या वर असं काय होतं, ज्यानं ती लहर वळवली?

पहिला धक्का हा, की तिथे जवळजवळ काहीच नव्हतं. ३०० किलोमीटर उंचीवर एका घनसेंटिमीटरमध्ये साधारण १०० कोटी अणुरेणू असतात. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण आपल्या खोलीतल्या एक घनसेंटिमीटर हवेत त्याच्या हजारो कोटी पट रेणू आहेत. प्रयोगशाळेत चांगली निर्वात जागा म्हणून जी मिरवली जाते, तिच्या तोडीची ती विरळता. त्या उंचीवर हवा नावापुरती उरते. कृत्रिम उपग्रह तिथून फिरतात.

त्या विरळ हवेत सूर्याची अतिनील किरणं आणि क्ष-किरणं शिरतात आणि काही अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवून देतात. सुटलेला इलेक्ट्रॉन ऋण, मागे राहिलेला आयन धन. हजार अणूंमध्ये एखादाच असा फुटलेला असतो. म्हणजे एका घनसेंटिमीटरमध्ये एक लाख ते दहा-वीस लाख मोकळे इलेक्ट्रॉन. लहर वळवण्याचं सगळं काम हे एवढेसे इलेक्ट्रॉन करतात. वातावरणाचा हा सारा पट्टा म्हणजे आयनांबर, आणि मोकळे इलेक्ट्रॉन व आयन मिसळून बनलेल्या अशा वायूला प्लाझ्मा म्हणतात.

प्लाझ्माची एक खोड आहे. बाहेरून त्याला कसलाच विद्युतभार नसतो, कारण जितके ऋण तितकेच धन. पण समजा, काही कारणानं त्यातले सगळे इलेक्ट्रॉन थोडेसे डावीकडे सरकले. आयन मात्र जागचे हलणार नाहीत, कारण ऑक्सिजनचा आयन इलेक्ट्रॉनच्या तुलनेत सुमारे २९ हजार पट जड आहे. मग डाव्या कडेला ऋण भार साचला, उजव्या कडेला धन भार उघडा पडला. लगेच धन भार इलेक्ट्रॉनांना परत ओढू लागतो. इलेक्ट्रॉन धावत येतात, पण वेगात असल्यामुळे मूळ जागी थांबत नाहीत, उजवीकडे निघून जातात. आता ओढ उलट बाजूनं. असं त्यांचं पुढे-मागे सुरू राहतं, आणि ते ठरावीक लयीत होतं. सेकंदाला जितक्या वेळा हे आंदोलन घडतं ती त्या प्लाझ्माची स्वतःची वारंवारता, म्हणजेच प्लाझ्मा वारंवारता. विजेच्या नळ्यांमधल्या वायूत ही आंदोलनं शोधून त्यांचा हिशोब मांडला तो अमेरिकेतल्या लुई टाँक्स आणि आयर्विंग लँगम्यूर यांनी, १९२९ मध्ये. प्लाझ्मा हे नावही लँगम्यूर यांनीच वर्षभर आधी दिलेलं.

ही वारंवारता कशावर अवलंबून असते? इलेक्ट्रॉन किती सरकले यावर नाही. जास्त सरकले तर ओढ त्याच प्रमाणात जास्त, त्यामुळे लय तीच राहते. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान आणि भार तर विश्वभर सारखेच. उरते ती एकच गोष्ट: दाटी. एका घनसेंटिमीटरमध्ये जितके जास्त इलेक्ट्रॉन, तितका सरकल्यावर उघडा पडणारा भार जास्त, तितकी ओढ जास्त, तितकी लय जलद. हिशोब करून हाती येतं ते सूत्र इतकं सुटसुटीत आहे की ते इथे द्यायला संकोच वाटत नाही:

f = 9√N

N म्हणजे एका घनसेंटिमीटरमधले इलेक्ट्रॉन, आणि f हे उत्तर किलोहर्ट्झमध्ये. दहा लाख इलेक्ट्रॉन असतील तर वर्गमूळ १०००, गुणिले ९, म्हणजे ९००० किलोहर्ट्झ, अर्थात ९ मेगाहर्ट्झ. एक लाख असतील तर वर्गमूळ ३१६, उत्तर २८५० किलोहर्ट्झच्या आसपास. वर्गमूळ असल्यामुळे दाटी दहापट झाली तरी वारंवारता तिपटीच्या जरा वरच जाते.

आता या इलेक्ट्रॉनांवर खालून रेडिओ लहर येऊ द्या. लहर म्हणजे दिशा बदलत राहणारं विद्युतक्षेत्र. ते इलेक्ट्रॉनांना एकदा इकडे, एकदा तिकडे ढकलतं. कमी वारंवारतेची लहर एका दिशेनं बराच वेळ ढकलते, मग दिशा बदलते. तेवढ्या वेळात इलेक्ट्रॉन चांगलाच लांब सरकतो. जास्त वारंवारतेची लहर मात्र इलेक्ट्रॉन जरा कुठे हलला नाही तोच दिशा पालटते. वारंवारता दुप्पट केली की त्याचं सरकणं चौथाईवर येतं, तिप्पट केली की नवव्या हिश्श्यावर.

सरकलेले इलेक्ट्रॉन गप्प बसत नाहीत. हलणारा भार म्हणजे विद्युतप्रवाह, आणि बदलता प्रवाह स्वतःची लहर सोडतो. गंमत अशी की मोकळ्या इलेक्ट्रॉनांनी सोडलेला हा प्रतिसाद मूळ लहरीच्या बरोबर विरोधात असतो. वारंवारता खूप जास्त असेल तर हा विरोध नगण्य असतो; लहर इलेक्ट्रॉनांमधून जणू ते नाहीतच अशी निघून जाते. वारंवारता कमी कमी करत आणली की विरोध वाढतो, आणि एका क्षणी तो लहरीच्या स्वतःच्या जोराएवढाच होतो. तो क्षण येतो नेमका प्लाझ्मा वारंवारतेवर. त्याखाली इलेक्ट्रॉनांचा प्रतिसाद लहरीवर कुरघोडी करतो. लहर आत थोडीशी झिरपते, झपाट्यानं क्षीण होते आणि पुढे सरकूच शकत नाही. तिची ऊर्जा कुठे जाते? इलेक्ट्रॉन कशावर आदळत नसतील तर ते ती ठेवून घेत नाहीत. तीच ऊर्जा लहरीच्या रूपानं मागे फेकतात. यालाच आपण परावर्तन म्हणतो. चांदीचा तुकडा चमकतो तोही याच नियमानं. धातूत मोकळ्या इलेक्ट्रॉनांची दाटी इतकी प्रचंड असते की त्याची प्लाझ्मा वारंवारता दिसणाऱ्या प्रकाशाच्याही वर जाते, म्हणून प्रकाशच परत फिरतो.

आयनांबराला मात्र चांदीसारखा गुळगुळीत पृष्ठभाग नाही. इलेक्ट्रॉनांची दाटी खालून वर हळूहळू वाढत जाते, ३०० किलोमीटरच्या आसपास ती सर्वाधिक होते आणि मग पुन्हा उतरते. सरळ वर पाठवलेली ५ मेगाहर्ट्झची लहर अशा उंचीपर्यंत चढते जिथली प्लाझ्मा वारंवारता बरोबर ५ मेगाहर्ट्झ आहे, आणि तिथून माघारी फिरते. ६ मेगाहर्ट्झची लहर आणखी थोडी वर जाऊन फिरते. थराच्या सर्वांत दाट जागेची प्लाझ्मा वारंवारता ९ असेल, तर ९च्या वरची सरळ लहर कायमची अवकाशात जाते. या मर्यादेला थराची क्रांतिक वारंवारता म्हणतात.

हे वाचून जाणकार वाचक विचारील की हे सगळं मोजलं कुणी? १९२४ च्या डिसेंबरात एडवर्ड ॲपल्टन आणि माइल्स बार्नेट यांनी बीबीसीच्या बोर्नमथ केंद्राच्या लहरींची वारंवारता जराजराशी बदलून ऑक्सफर्डला त्या ऐकल्या. जमिनीवरून आलेली आणि वरून आलेली लहर कधी एकमेकींना साथ देत, कधी खोडून काढत. त्या चढउतारांवरून त्यांनी परावर्तनाची उंची काढली, ती १०० किलोमीटरच्या आसपास भरली. ॲपल्टन यांना १९४७ चं नोबेल मिळालं. पण रोजच्या कामाला जी पद्धत आली ती ग्रेगरी ब्राइट आणि मर्ल ट्यूव्ह या अमेरिकी जोडीची, १९२५ ची: वर एक छोटा स्पंद सोडायचा आणि त्याचा प्रतिध्वनी किती वेळानं येतो ते मोजायचं. दोन मिलिसेकंदांनी आला तर जाऊन-येऊन ६०० किलोमीटर, म्हणजे उंची ३००. पुढे रडारमध्येही हेच तत्त्व आलं.

या कामासाठी बनलेलं यंत्र म्हणजे आयनोसोंड. ते एक मेगाहर्ट्झपासून सुरुवात करतं आणि वारंवारता वाढवत वाढवत पंधरा-वीस मेगाहर्ट्झपर्यंत स्पंद सोडत जातं. कागदावर आडवी वारंवारता, उभी उंची. दुपारचा असा आलेख पाहिला तर आधी १०० किलोमीटरच्या आसपास एक जवळजवळ आडवी रेघ दिसते. हा खालचा ई थर. तीन-चार मेगाहर्ट्झला ती रेघ तुटते, कारण लहर ई थर भेदून गेली. नवी रेघ दोनशेच्या वर कुठेतरी सुरू होते. हा एफ थर. ही रेघ बराच वेळ मंद चढते, मग एकाएकी उभी होऊन जवळजवळ कागदाच्या टोकाला जाते, आणि त्यानंतर कोरा कागद. जिथे रेघ उभी झाली ती एफ थराची क्रांतिक वारंवारता. ती किलोहर्ट्झमध्ये घेऊन ९ नं भागा, वर्ग करा, आणि तीनशे किलोमीटर वरच्या एका घनसेंटिमीटरमध्ये किती इलेक्ट्रॉन आहेत हे जमिनीवर बसून सांगता येतं.

त्या उभ्या रेघेत नवशिक्याला दोन चकवे असतात. पहिला उंचीचा. प्लाझ्मा वारंवारतेच्या जवळ आलेला स्पंद फार मंदावतो, पण यंत्र मात्र तो प्रकाशाच्याच वेगानं गेला असं धरून उंची काढतं. म्हणून आलेखावर ५०० किलोमीटर दिसलं तरी लहर प्रत्यक्षात तेवढी चढलेली नसते. दुसरा चकवा हा की रेघ एक नसून दोन असतात, जुळ्या भावंडांसारख्या. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन सरळ न हलता वळत हलतात, त्यामुळे एकाच लहरीचे दोन भाग पडतात. भारतात दुसरी रेघ पहिलीच्या सुमारे अर्धा मेगाहर्ट्झ पुढे उभी होते. इलेक्ट्रॉन मोजायचे तर कमी वारंवारतेची रेघ वाचायची; दुसरी वाचली तर उत्तर फुगतं.

आता कोलंबोकडे परत जाऊ, कारण सायानींची लहर सरळ वर जात नव्हती, तिरकी जात होती. नदीच्या पाण्यात चपटा दगड उभा टाकला तर बुडतो, पण आडवा भिरकावला तर टप्पे खात जातो. लहरीचंही काहीसं तसंच आहे, कारण मात्र वेगळं. सरळ वर जाणाऱ्या लहरीला पुरतं थांबवून परत फिरवावं लागतं. तिरक्या लहरीला फक्त इतकं वाकवावं लागतं की ती एकदा क्षितिजाला समांतर होईल, मग ती आपोआप खाली उतरू लागते. त्यामुळे तिला कमी इलेक्ट्रॉन पुरतात.

रेडिओ सिलोनच्या हिंदी कार्यक्रमांची ४१ मीटरची जागा, ७१९० किलोहर्ट्झ, जुन्या श्रोत्यांना पाठ असेल. म्हणजे सुमारे ७.२ मेगाहर्ट्झ. कोलंबो-पुणे या वाटेवर लहर थराला भेटते तेव्हा ती उभ्या रेषेपासून सुमारे ६५ अंश कललेली असते. भूमितीचा हिशोब असा निघतो की या तिरकेपणामुळे थर आपल्या क्रांतिक वारंवारतेच्या २.३ पट वारंवारतेपर्यंतच्या लहरी वळवू शकतो. ७.२ भागिले २.३ म्हणजे साधारण ३.१. मंड्यावर क्रांतिक वारंवारता ३.१ मेगाहर्ट्झ असली की काम झालं. त्यासाठी एका घनसेंटिमीटरमध्ये हवेत फक्त एक लाख वीस हजारांच्या आसपास इलेक्ट्रॉन. दक्षिण भारत चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे, तिथे रात्री आठला एफ थरात सहसा याहून कितीतरी जास्त इलेक्ट्रॉन असतात. बुधवारची गीतमाला म्हणूनच इतकी भरवशाची होती.

२५ मीटरवर, म्हणजे ११.९ मेगाहर्ट्झवर, हिशोब जरा ताणला जातो. पुण्यासाठी मग क्रांतिक वारंवारता ५.१ लागते. आता त्याच लहरीचा चेन्नईसाठी हिशोब करा. चेन्नई कोलंबोहून सुमारे ६९० किलोमीटर, पुण्याच्या निम्म्याहून कमी. पण जवळच्या गावाला पोचायचं तर लहर जास्त उभी सोडावी लागते. तिरकेपणाचा फायदा २.३ पटीवरून दीडपटीवर येतो, आणि क्रांतिक वारंवारता जवळजवळ ८ लागते. समजा त्या दिवशी ती ६ आहे. मग पुण्यात गाणं खणखणीत लागेल आणि चेन्नईकडे जाणारी लहर थर भेदून अवकाशात निघून जाईल. लांबच्याला ऐकू येतं आणि जवळचा कोरडा राहतो. या मधल्या पट्ट्याला मूक पट्टा म्हणतात. ‘केंद्र जवळ आहे, तर लागेलच’ हा समज शॉर्टवेव्हला लागू नाही.

तिरकेपणालाही हद्द असते. अगदी क्षितिजालगत लहर सोडली तरी पृथ्वीच्या गोलाईमुळे एफ थराशी फायदा ३.४ पटीच्या पुढे जात नाही. क्रांतिक वारंवारता १२ म्हणजे भरपूर, तिची ३.४ पट म्हणजे ४० मेगाहर्ट्झ. एफएमची केंद्रं असतात शंभरच्या आसपास. ती वळवायला घनसेंटिमीटरमध्ये एक कोटीच्या आसपास इलेक्ट्रॉन लागतील, आणि एफ थरात इतके नसतात. त्यामुळे पुण्याचं एफएम घाटाच्या खाली उतरल्यावर खरखरू लागतं.

इथवरच्या हिशोबानं एक वाजवी शंका येते. वारंवारता जितकी कमी तितकं परावर्तन सोपं, तर मीडियम वेव्ह सगळ्यांत लांब जायला हवी. पुण्याच्या आकाशवाणीचं ७९२ किलोहर्ट्झ कोलंबोच्या ७१९० किलोहर्ट्झच्या नवव्या हिश्श्याइतकं आहे. ते दिवसाढवळ्या देशभर का ऐकू येत नसे? रात्री मात्र मीडियम वेव्हवर सुई फिरवली की कुठली कुठली केंद्रं गर्दी करतात आणि सकाळ झाली की पसार होतात.

याला जबाबदार आहे सगळ्यांत खालचा डी थर, ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा. त्यात इलेक्ट्रॉन फार थोडे, घनसेंटिमीटरमध्ये शेकड्यांपासून फार तर काही हजार. पण तिथली हवा एफ थरापेक्षा कितीतरी दाट आहे. लहरीनं हलवलेला इलेक्ट्रॉन तिथे सेकंदाला दहा लाखांहून जास्त वेळा रेणूंवर आदळतो. वर मी म्हटलं होतं की इलेक्ट्रॉन आदळत नसतील तर ऊर्जा परत देतात. इथे ते आदळतात, आणि लहरीकडून घेतलेली ऊर्जा रेणूंना देऊन टाकतात. लहरीची उष्णता होते. कमी वारंवारतेची लहर इलेक्ट्रॉनला लांब सरकवते, त्याला जास्त वेग देते, म्हणून तिचं नुकसान जास्त. वारंवारता दुप्पट केली तर शॉर्टवेव्हमध्ये हे नुकसान साधारण चौथाई होतं. दिवसा मीडियम वेव्हची वर गेलेली लहर डी थरातच संपते. सूर्य मावळला की डी थरातले इलेक्ट्रॉन दाट हवेत आयनांना भराभर भेटतात आणि थर विरून जातो. वरच्या विरळ एफ थरात अशी भेट दुर्मीळ, त्यामुळे तो रात्रभर टिकतो, पहाटेपर्यंत झिजत झिजत.

म्हणून शॉर्टवेव्हचं केंद्र चालवणाऱ्याला दोन बाजूंनी कात्री असते. वारंवारता फार वाढवली तर लहर एफ थर भेदून जाते, फार कमी केली तर डी थर ती खातो. दिवसा वरचा थर दाट असतो आणि डी जागा असतो, तेव्हा वरची वारंवारता घ्यायची. रात्री खाली उतरायचं. एकाच केंद्रानं सकाळी २५ मीटर आणि रात्री ४१ मीटर असा बदल करण्यामागे बहुतेक वेळा हीच कात्री असते.

हे कळलं की रेडिओ बिघडलाय की आकाश, हेही ओळखता येतं. भर दुपारी शॉर्टवेव्ह एकाएकी मुकी झाली, तर सूर्यावर ज्वाला उसळलेली असण्याची शक्यता असते. तिची क्ष-किरणं आठ मिनिटांत पोचतात आणि डी थरातले इलेक्ट्रॉन अनेक पटींनी वाढवतात. अशा वेळी कमी वारंवारतेची केंद्रं आधी जातात आणि सगळ्यांत शेवटी परत येतात, हे काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत आटोपतं, आणि पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला कुणाला पत्ताही लागत नाही. चुंबकीय वादळात नेमकं उलट घडू शकतं: एफ थर विरळ होतो, क्रांतिक वारंवारता घसरते, वरच्या वारंवारतेची केंद्रं आधी जातात, खालची टिकतात, आणि हे एक-दोन दिवस चालू शकतं. कुठलं टोक आधी गळालं हे पाहिलं की रोग वरच्या थराला आहे की खालच्या, हे कळतं.

अगदी खालच्या वारंवारतांना मात्र डी थर फारसा नडत नाही. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ नौदलाचं आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्र आहे. ते पाण्याखालच्या पाणबुड्यांना १८.२ किलोहर्ट्झवर संदेश पाठवतं. या लहरीची लांबी १६ किलोमीटरहून जास्त. डी थराच्या खालच्या काठावर घनसेंटिमीटरमध्ये दोनशे इलेक्ट्रॉन धरले तरी प्लाझ्मा वारंवारता १२५ किलोहर्ट्झच्या आसपास येते, लहरीच्या कितीतरी वर. लहर थरात शिरतच नाही. काठावरूनच मागे येते, म्हणून तिचं खाल्लं जाणंही कमी. जमीन आणि डी थर यांच्यामधल्या पोकळीतून ती हजारो किलोमीटर जाते, दिवसाही.

याच फूटपट्टीनं एक जुना वाद तपासता येतो. १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीनं न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर, पतंगानं उचललेल्या तारेवरून, इंग्लंडमधल्या पोल्ढूहून आलेले तीन टिंबांचे संकेत ऐकल्याचं जाहीर केलं. अंतर सुमारे ३५०० किलोमीटर. वर काहीतरी विजेचा वाहक थर असला पाहिजे, असं अमेरिकेत केनेली आणि इंग्लंडमध्ये हेवीसाइड यांनी १९०२ मध्ये मांडलं ते या बातमीनंतर. पण ती वेळ दुपारची होती, आणि लहर ८०० किलोहर्ट्झच्या आसपासची सांगितली जाते, म्हणजे डी थराच्या अगदी तोंडात. दोन महिन्यांनी ‘फिलाडेल्फिया’ जहाजावर मार्कोनीनंच पाहिलं की दिवसा संकेत हजार-बाराशे किलोमीटरांवर संपतात आणि रात्री तीन हजारांच्या पुढे जातात. ठिणगीच्या प्रेषकातून शॉर्टवेव्हच्याही लहरी निघत असाव्यात आणि त्यांतल्या काही पोचल्या असाव्यात, असं काही अभ्यासक म्हणतात. वादळी विजेची खरखर त्यानं संकेत समजून ऐकली, असं काही म्हणतात. माझं मत विचाराल तर ८०० किलोहर्ट्झची लहर त्या दुपारी पोचली हे या हिशोबात बसवणं फार कठीण आहे.

आणि आयनांबर दोन्ही बाजूंनी सारखंच वागतं. खालून येणारी लहर जशी खाली परत जाते, तशी अवकाशातून येणारी लहर वरच्या वर परतवली जाते. नारायणगावजवळ खोडद इथली जीएमआरटी दुर्बीण ऐकते त्या वारंवारता शंभर मेगाहर्ट्झ आणि त्यावरच्या; त्या आयनांबरातून पार येतात, थोड्याशा वाकतात आणि तेवढी दुरुस्ती खगोलशास्त्रज्ञांना आकडेमोडीत करावी लागते. पण सुमारे १० मेगाहर्ट्झच्या खालचं विश्व खोडदहून काय किंवा पृथ्वीवर कुठूनही काय, बहुतेक वेळा ऐकूच येत नाही. ते ऐकण्यासाठी १९७३ मध्ये नासानं एक्सप्लोरर-४९ हा उपग्रह आयनांबराच्या पार, थेट चंद्राभोवतीच्या कक्षेत नेऊन ठेवला.